कूपन १० टक्के, करंट यील्ड ८.९ टक्के, पदरात ७ टक्के

बाजारात विकायला असलेल्या एखाद्या रोख्याची माहिती काढली की त्याच्या नावापुढे तीन वेगवेगळ्या टक्केवाऱ्या दिसतात. कूपन दर, म्हणजे रोख्यावर छापलेलं वर्षाचं व्याज, १० टक्के; करंट यील्ड ८.९ टक्के; आणि यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे मुदत संपेपर्यंत रोखा ठेवला तर वर्षाला पडणारा परतावा, थोडक्यात वायटीएम, ७ टक्के. रोखा एकच, किंमत एकच, आणि तिन्ही आकडे अगदी बरोबर काढलेले. घेणाऱ्याला मात्र एवढंच विचारायचं असतं की माझ्या पैशांवर मला नक्की किती सुटणार?

कूपन दराबद्दल सहसा कोणी फसत नाही. रोखा चढ्या भावाने घेतला तर छापील व्याज तेवढ्या प्रमाणात मिळणार नाही, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. गोंधळ होतो तो करंट यील्डपाशी. हा आकडा बाजारातली किंमत धरून काढलेला असतो, त्यामुळे तो ‘खरा’ वाटतो. पण त्यात निम्माच हिशेब असतो, आणि उरलेला निम्मा कोणत्या बाजूला झुकतो हे रोखा दर्शनी किमतीच्या, म्हणजे मुदत संपल्यावर परत मिळणाऱ्या रकमेच्या, वर आहे की खाली, यावर ठरतं. हा लेख त्या उरलेल्या निम्म्याबद्दल आहे.

दोन रोखे

रोख्यांच्या बाजारात किंमत बहुतेक वेळा दर्शनी किंमत १०० धरून सांगतात. ११२ म्हणजे शंभराच्या रोख्याला ११२ मोजायचे. आपणही तेच करू.

एकाच संस्थेने काढलेले दोन रोखे घ्या. दोघांची मुदत संपायला बरोबर ५ वर्षं उरली आहेत, दोन्ही वर्षातून एकदा व्याज देतात, आणि पैसे बुडण्याची भीती दोघांना सारखीच, म्हणजे जवळपास नाही. फरक फक्त कूपनचा. ‘अ’ रोखा निघाला तेव्हा बाजारात व्याजदर चढे होते, म्हणून त्याचं कूपन १० टक्के. ‘ब’ निघाला तेव्हा दर पडलेले होते, म्हणून त्याचं ४ टक्के. आज अशा संस्थेला पाच वर्षांसाठी पैसे देणारा माणूस ७ टक्के मागतो.

साहजिकच ‘अ’ शंभराला मिळणार नाही. जो रोखा दरवर्षी बाजारापेक्षा ३ जास्त देतो, तो धारक शंभराला का सोडेल? पुढच्या पाच वर्षांचे दहा-दहा आणि शेवटचे शंभर, हे सगळं ७ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं, म्हणजे तेवढे पैसे त्या त्या वेळी मिळायला आज ७ टक्क्यांनी किती गुंतवावे लागतील ते काढलं, की बेरीज ११२.३० येते. ‘ब’चं तेच गणित केलं तर ८७.७०. पहिला दर्शनी किमतीच्या वर, म्हणजे प्रीमियमवर. दुसरा खाली, म्हणजे डिस्काउंटवर. कूपन ७ च्या वर ३ आणि खाली ३ असं सारख्या अंतरावर असल्यामुळे प्रीमियम आणि डिस्काउंटही सारखेच निघाले, १२.३०. पुढे याचा उपयोग होणार आहे.

आता करंट यील्ड काढू. वर्षाचं कूपन भागिले आजची किंमत, एवढाच हा हिशेब. ‘अ’साठी १० भागिले ११२.३०, म्हणजे ८.९० टक्के. ‘ब’साठी ४ भागिले ८७.७०, म्हणजे ४.५६ टक्के.

तर चित्र असं झालं:

| | ‘अ’ | ‘ब’ |
|---|---|---|
| किंमत | ११२.३० | ८७.७० |
| कूपन दर | १०% | ४% |
| करंट यील्ड | ८.९०% | ४.५६% |
| वायटीएम | ७% | ७% |

करंट यील्ड पाहून निवडायचं म्हटलं तर ‘अ’ जवळजवळ दुप्पट चांगला दिसतो. वायटीएम म्हणतं, दोघांत काही फरक नाही. दोघांपैकी एकाचं ऐकावं लागेल.

करंट यील्ड हे खरं माप असतं तर बाजारात दोघांचं करंट यील्ड सारखं व्हायला हवं होतं, कारण लोक कमी देणारा रोखा विकून जास्त देणारा घेत राहिले असते. ‘ब’ ८७.७० वर ४.५६ टक्के देतो. मग ‘अ’चंही ४.५६ होण्यासाठी त्याची किंमत २१९ पर्यंत चढायला हवी. आणि ‘अ’ आयुष्यभरात एकूण देतो किती? पाच वर्षांचे पन्नास आणि शेवटचे शंभर, सगळे मिळून दीडशे. दीडशे परत मिळवायला आज २१९ कोण मोजेल? करंट यील्डवर विसंबून दोन रोख्यांची तुलना करणं किती चुकीचं आहे, ते या एका आकड्यावरून कळतं.

गेले कुठे ते बारा?

‘अ’ घेणाऱ्याने आज ११२.३० दिले. पाच वर्षांनी त्याला १०० मिळतील. मधले १२.३० बाजाराने खाल्ले नाहीत की कोणी बुडवलेही नाहीत. ते त्याला कूपनच्या वेषात हप्त्याहप्त्याने परत मिळाले. करंट यील्ड त्या परतफेडीलाही उत्पन्न म्हणून मोजतं. सगळी चूक एवढ्यातच आहे.

हे वर्षागणिक मांडून पाहू. पहिल्या वर्षी त्याचे ११२.३० गुंतलेले आहेत. ७ टक्क्यांनी त्यावरची खरी कमाई ७.८६ होते. हातात मात्र १० आले. मग जास्तीचे २.१४ कसले? ते त्याचंच मुद्दल. म्हणजे वर्षाअखेर रोख्यात अडकलेली रक्कम ११०.१६ उरली, आणि बाजारातला दर ७ वरच राहिला तर त्या दिवशी रोख्याचा भावही बरोबर ११०.१६ असतो. दुसऱ्या वर्षी ११०.१६ वर ७ टक्के म्हणजे ७.७१ कमाई आणि २.२९ मुद्दल. असं करत पाचव्या वर्षी भाव शंभरावर येऊन टेकतो.

| वर्ष | सुरुवातीचा भाव | खरी कमाई | कूपनमधलं मुद्दल | करंट यील्ड |
|---|---|---|---|---|
| १ | ११२.३० | ७.८६ | २.१४ | ८.९०% |
| २ | ११०.१६ | ७.७१ | २.२९ | ९.०८% |
| ३ | १०७.८७ | ७.५५ | २.४५ | ९.२७% |
| ४ | १०५.४२ | ७.३८ | २.६२ | ९.४९% |
| ५ | १०२.८० | ७.२० | २.८० | ९.७३% |

चौथ्या रकान्याची बेरीज करा. १२.३० येते, म्हणजे अख्खा प्रीमियम.

या रकान्याचा रोजच्या व्यवहारात अर्थ असा की, जो माणूस दरवर्षीचं सगळं दहाचं कूपन ‘व्याज’ समजून खर्च करतो, तो दरवर्षी थोडं मुद्दलही खात असतो. पाच वर्षांनी त्याच्या हातात ११२.३० ऐवजी १०० येतात आणि मग त्याला वाटतं की रोख्यात तोटा झाला. तोटा झालेला नसतो. पैसे त्याने आधीच खर्च केलेले असतात. पहिल्या वर्षी बिनघोर खर्च करता येण्यासारखे फक्त ७.८६ होते. उरलेले २.१४ बाजूला काढून पुन्हा ७ टक्क्यांनी गुंतवले असते, तर पुढच्या वर्षीही ७.८६ च खर्चायला मिळाले असते आणि मूळ ११२.३० शाबूत राहिले असते. निवृत्तीनंतर व्याजावर घर चालवणाऱ्याने प्रीमियमचा रोखा घेऊ नये असं मुळीच नाही. पण घेतला तर महिन्याचा खर्च करंट यील्डवर बसवू नये.

तक्त्याचा शेवटचा रकाना मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. व्याजदर पाच वर्षं जागचे हलले नाहीत, कूपन तेच राहिलं, दरवर्षीची खरी कमाई ७ टक्केच. तरी करंट यील्ड ८.९० वरून ९.७३ पर्यंत चढत गेलं. का? तर छेदातला भाव उतरत गेला म्हणून. ज्या कारणाने धारकाचं मुद्दल कमी होतंय, त्याच कारणाने आकडा सुधारतोय! मुदत संपत आलेला, प्रीमियमवरचा रोखा एखाद्या यादीत करंट यील्डच्या क्रमाने लावला तर तो वर जाऊन बसतो, हे त्यामुळेच.

‘ब’चं सगळं याच्या उलट. पहिल्या वर्षी ८७.७० गुंतलेले, ७ टक्क्यांनी कमाई ६.१४, हातात आले फक्त ४. राहिलेले २.१४ रोख्यातच साठले आणि भाव ८९.८४ झाला. म्हणजे ‘अ’ने पहिल्या वर्षी जेवढं मुद्दल परत दिलं, नेमकं तेवढंच ‘ब’ने पोटात ठेवून घेतलं. पुढेही २.२९, २.४५, २.६२ आणि २.८०. ‘ब’वाल्याला वर्षाकाठी कमी पैसे दिसतात, पण शेवटी ८७.७० चे १०० होतात. करंट यील्डला ही वाढ दिसतच नाही. उलट भाव शंभराकडे चढत जातो तसं ‘ब’चं करंट यील्ड ४.५६ वरून ४.१२ पर्यंत घसरत जातं.

याचं टोक म्हणजे झिरो कूपन रोखा. मधे काहीच व्याज नाही, आज ७१.३० द्या आणि पाच वर्षांनी १०० घ्या. वायटीएम ७ टक्के, करंट यील्ड शून्य.

मुदत जितकी जवळ, तितकी दिशाभूल जास्त

एक गोष्ट सहसा उलट समजली जाते. मुदत लांब असली की करंट यील्ड जास्त चुकत असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात ते कमी चुकतं.

‘अ’सारखाच १० टक्क्यांचा रोखा, बाजाराचा दर तोच ७ टक्के, पण मुदत ३० वर्षं धरा. त्याची किंमत १३७.२३ येते. प्रीमियम खूपच मोठा, ३७ च्या वर. पण करंट यील्ड ७.२९ टक्के, म्हणजे वायटीएमच्या अगदी जवळ. याउलट मुदतीला एकच वर्ष उरलेल्या रोख्याचा प्रीमियम जेमतेम २.८० आणि करंट यील्ड मात्र ९.७३. मोठा प्रीमियम तीस वर्षांत पसरला की वर्षाच्या वाट्याला थोडं येतं, आणि त्यातही सुरुवातीच्या वर्षांत तर फारच थोडं. छोटा प्रीमियम एकाच वर्षात फेडायचा असेल तर तो सगळा त्याच वर्षाच्या कमाईतून वजा होतो.

मुदत अजून लांबवत नेली, इतकी की मुद्दल कधी परतच मिळणार नाही, तर करंट यील्ड आणि वायटीएम एकच होतात. असे बिनमुदती रोखे खरोखर होते. ब्रिटिश सरकारचे ‘कन्सोल’ अठराव्या शतकाच्या मध्यापासून बाजारात होते. त्यांच्यावर मुदतीची तारीखच नव्हती, सरकारला वाटेल तेव्हा ते परत घेऊ शकत असे. उरलेसुरले बिनमुदती रोखे त्या सरकारने २०१५ साली परत घेतले. अशा रोख्याला मुदतपूर्तीच नसल्यामुळे कूपन भागिले भाव हेच त्याचं परतावा मोजायचं माप होतं. करंट यील्ड हे माप तिथे शोभून दिसतं. पाच वर्षांत संपणाऱ्या रोख्याला तेच माप लावलं की घोळ होतो.

त्याचा दुसराही एक रास्त उपयोग आहे. या वर्षी माझ्या खात्यात रोख किती येणार, एवढंच कोणाला पाहायचं असेल, तर करंट यील्ड ते बरोबर सांगतं. कर्ज काढून रोखे घेणाऱ्यालाही व्याजाचा खर्च यातून भागतोय का, हे पाहायचं असतं. रोख किती आली आणि कमाई किती झाली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, इतकं डोक्यात ठेवलं की पुरे.

वायटीएम काढायचं कसं

वायटीएम म्हणजे असा दर, की ज्या दराने रोख्याकडून येणारे सगळे पैसे आजच्या किमतीत आणले तर बेरीज नेमकी बाजारभावाएवढी होते. याला सरळ सूत्र नाही. दर धरून पाहायचा, किंमत काढायची, चुकली की दर बदलायचा. ‘अ’साठी ६ टक्के धरले तर किंमत ११६.८५ येते, म्हणजे दर कमी धरला. ८ टक्के धरले तर १०७.९९, म्हणजे जास्त धरला. ११२.३० मधे कुठेतरी बसतात, आणि ७ ला बरोबर जुळतात. संगणक हेच करतो, फक्त भराभर. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पुरते:

```
=RATE(5, 10, -112.30, 100)
=RATE(5, 4, -87.70, 100)
```

उरलेली वर्षं, वर्षाचं कूपन, उणे चिन्हासह आजची किंमत आणि शेवटी मिळणारी दर्शनी किंमत, हा क्रम. उणे चिन्ह विसरलं की उत्तराऐवजी त्रुटी येते. दोन्ही ओळींचं उत्तर ७ टक्के येतं.

संगणक हाताशी नसेल तर कागदावर अंदाज करता येतो. प्रीमियम किंवा डिस्काउंट उरलेल्या वर्षांत सारखा वाटून टाका, तो कूपनमधून वजा करा किंवा त्यात मिळवा, आणि आलेल्या आकड्याला आजची किंमत आणि शंभर यांच्या सरासरीने भागा. ‘अ’साठी १२.३० चे पाच वर्षांत वर्षाला २.४६. दहातून ते गेले, उरले ७.५४. सरासरी किंमत १०६.१५. उत्तर ७.१ टक्के. ‘ब’साठी ४ आणि २.४६ मिळून ६.४६, भागिले ९३.८५, म्हणजे ६.९ टक्के. खऱ्या ७ च्या दोन्ही बाजूंना किंचित चुकतं, पण कोणी करंट यील्डच वायटीएम म्हणून खपवत असेल तर पकडायला एवढं बस्स.

वर्षातून दोनदा कूपन देणाऱ्या रोख्यांत एक बारकावा असतो. तिथे सहा महिन्यांचा दर काढून त्याची दुप्पट करून सांगायची पद्धत आहे. म्हणजे साडेतीन टक्के सहामाही असेल तर ‘७ टक्के’ लिहितात, जरी व्याजावर व्याज धरून वर्षाचे ७.१२ होत असले तरी. वार्षिक कूपनच्या रोख्याशी तुलना करताना हा फरक धरावा लागतो. शिवाय दोन कूपनच्या मधल्या एखाद्या दिवशी रोखा घेतला तर मागच्या कूपनपासून साठलेलं व्याज भावावर वेगळं मोजावं लागतं. करंट यील्ड काढताना ते धरत नाहीत, वायटीएमच्या हिशेबात ते येतं.

हे सगळं करण्याआधी नुसत्या नजरेनेही एक तपासणी होते. भाव शंभराच्या वर असेल तर कूपन सगळ्यांत मोठं, करंट यील्ड मधे आणि वायटीएम सगळ्यांत लहान, असाच क्रम असायला हवा. भाव शंभराच्या खाली असेल तर नेमका उलटा. भाव बरोबर शंभर आणि नुकतंच कूपन होऊन गेलेलं असेल तर तिन्ही सारखे. समोरच्या कागदावर भाव ११२, कूपन १० टक्के आणि ‘यील्ड’ ९ टक्क्यांच्या आसपास, एवढंच लिहिलं असेल तर ते कोणतं यील्ड आहे हे विचारण्याची गरजही नाही. १० भागिले ११२ करून पाहा.

वायटीएम तरी किती खरं?

करंट यील्डला नावं ठेवून झाली. वायटीएमवरही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखं नाही. त्याच्याआड तीन गृहीतं दडलेली असतात, आणि प्रीमियम-डिस्काउंटप्रमाणे त्यांची झळ कमीजास्त लागते.

पहिलं, मधे हाती आलेल्या कूपनचं काय करायचं? आज घातलेले पैसे पाच वर्षं सलग ७ टक्क्यांनी वाढायचे असतील तर प्रत्येक कूपन मिळाल्यावर ते पुन्हा ७ टक्क्यांनी गुंतवता आलं पाहिजे. समजा रोखा घेतल्यावर लगेच दर पडले आणि कूपन फक्त ४ टक्क्यांनी गुंतवता आलं. ‘अ’वाल्याचा पाच वर्षांचा परतावा मग वर्षाला ६.५४ टक्क्यांवर येतो, ‘ब’वाल्याचा ६.७७ वर. ‘अ’चे पैसे लवकर आणि मोठ्या तुकड्यांत परत येतात, म्हणून ते पुन्हा गुंतवायची डोकेदुखी त्याच्याकडे जास्त. दर चढले तर मात्र हाच ‘अ’ फायद्यात राहतो. वायटीएम दोघांचं सारखं असूनही कोणता घ्यावा याचं उत्तर वेगळं येऊ शकतं, ते अशामुळे. बऱ्याच देशांत कूपनवरचा कर आणि भाव वाढून झालेल्या नफ्यावरचा कर वेगळा असतो, हे दुसरं कारण. कर वजा जाता दोघांचे ७ टक्के सारखे उरतीलच असं नाही.

दुसरं गृहीत म्हणजे रोखा मुदतीपर्यंत चालेल. काही रोख्यांत संस्थेला ते मुदतीआधीच ठरलेल्या किमतीला परत घेण्याचा हक्क असतो. संस्था तो कधी वापरेल? बाजारातले दर पडल्यावर, म्हणजे नेमका जेव्हा जुन्या रोख्याचा भाव शंभराच्या वर गेलेला असतो तेव्हा. १० टक्के देत बसण्यापेक्षा ७ टक्क्यांनी नवीन रोखे काढून जुने फेडणं तिला परवडतं. समजा ‘अ’ तुम्ही ११२.३० ला घेतला आणि दोन वर्षांनी संस्थेने शंभर देऊन तो परत घेतला. पाच वर्षांत हळूहळू फेडायचा प्रीमियम आता दोन वर्षांतच गेला. परतावा काढला तर वर्षाला जेमतेम ३.५ टक्के. कूपन अजून १० च, करंट यील्ड अजून ८.९० च, वायटीएमसुद्धा ७ च दाखवतंय, आणि पदरात पडले साडेतीन. असा हक्क असलेल्या प्रीमियमच्या रोख्यात यील्ड टू कॉल, म्हणजे परत घेण्याच्या तारखेपर्यंतचं यील्ड, पाहावं, आणि परत घेण्याच्या तारखा अनेक असतील तर त्यांतलं सगळ्यांत कमी येणारं यील्ड धरून चालावं. बाजारात त्याला यील्ड टू वर्स्ट म्हणतात. नाव जरा नाट्यमय आहे, पण काम चोख करतं. डिस्काउंटच्या रोख्यात ही भीती उलटी होते. ८७.७० ला घेतलेला रोखा कोणी लवकर शंभर देऊन परत घेतला तर आनंदच आहे. पण ४ टक्क्यांत मिळालेलं कर्ज कोणती संस्था आधी फेडेल?

तिसरं गृहीत सगळ्यांत मोठं. सगळी कूपनं आणि सगळं मुद्दल वेळेवर मिळेल. ‘अ’ आणि ‘ब’च्या उदाहरणात आपण हे मानूनच चाललो होतो, आणि तिथे डिस्काउंटचं कारण निव्वळ कमी कूपन होतं. पण भाव खाली असण्याचं कारण नेहमी तेवढंच नसतं. ८ टक्के कूपनचा, तीन वर्षं उरलेला रोखा ५० ला मिळत असेल तर त्याचं करंट यील्ड १६ टक्के आणि वायटीएम जवळपास ३९ टक्के येतं. बाजारात साधारण ७ टक्के चालू असताना ३९ टक्के कोणी उदार होऊन देत नाही. बाजाराला पैसे बुडण्याची दाट शक्यता दिसते आहे, म्हणून भाव ५० आहे. अशा ठिकाणी वायटीएमचा आकडा परताव्याचा अंदाज म्हणून वाचायचाच नसतो, आणि या धंद्यातली माणसं तो तसा वाचतही नाहीत. ती यील्ड बाजूला ठेवून शंभरामागचा भाव पाहतात आणि विचारतात की संस्था बुडाली तर मालमत्ता विकून शंभरातले किती परत मिळतील, आणि किती वर्षांनी. समजा कूपन एकही मिळालं नाही आणि दोन वर्षांनी ४० हाती आले. ५० ला घेतलेल्या रोख्यावर ३९ टक्के राहिले बाजूला, वर्षाला साडेदहा टक्क्यांच्या वर तोटा होतो. तेच दोन वर्षांनी ६५ हाती आले तर वर्षाला १४ टक्के सुटतात. कूपन दर, करंट यील्ड आणि वायटीएम या तिघांपैकी एकही आकडा या दोन्हींत फरक करू शकत नाही.